पहिल्या दिवसाचा, बाराचा खेळ

तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर तूच पत्ता लिहिला आहेस: मु. पो. नर्सी नामदेव, ता. हिंगोली, जि. परभणी. वाचताना अडखळू नकोस. साल 1992 आहे, फेब्रुवारी महिना. हिंगोलीचा जिल्हा व्हायला 1 मे 1999 उजाडावा लागणार आहे आणि तोवर तू दोन लेकरांची आई झालेली असशील. आत्ता तू तेरा वर्षांची आहेस, सातवीत आहेस, वेणीला निळी रिबीन आहे आणि दप्तरात भूमितीच्या पुस्तकाखाली एक परकर-पोलकं घडी करून ठेवलंय, कारण शाळेच्या ड्रेसवर टॉकीजमध्ये जाता येत नाही.

वाड्यात कोणी नाही. बापू पहाटेच हरभरा सोंगायला गेले, माय भाकरी बांधून त्यांच्या मागं. आजी ओसरीवर वाती वळत बसलीय. तिला ऐकू कमी येतं, पण दिसतं नको तेवढं. नंदाक्का अंगणातूनच हाक मारते, "सुमे, चाल वं, मव्ही येष्टी चुकती!" नंदाक्का तुझ्या थोरल्या काकांची. वय सतरा, दहावीला गणितात गेली, तेव्हापासून रोज हिंगोलीला शिवणक्लासला जाते. तिच्याकडं येष्टीचा पास आहे. वैशाखात तिचं लग्न आहे, रिसोडला दिलीय. पैसेही तिचेच: गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून जमवलेले. रुमालाच्या गाठीत नाणी आहेत आणि एक पाचाची नोट, इतक्या वेळा घडी घातलेली की मधे जाळी झालीय.

नर्सीच्या स्टॉपवर उभं राहायची सोय नाही. तिथं सगळं गाव. म्हणून तुम्ही दोघी नामदेवांच्या देवळाच्या मागच्या अंगानं कयाधूत उतरता. फेब्रुवारीतली कयाधू म्हणजे मधोमध एक बारीक धार, बाकी वाळू. चपला हातात घेऊन पलीकडं गेलं की पांदीनं पुढच्या फाट्याला निघता येतं. लाल गाडी सेनगावकडून धुरळा उडवत येते. कंडक्टर चिमटा वाजवत तुझ्यापुढं थांबतो. नंदाक्का पास दाखवते आणि तुझ्याकडं न बघता म्हणते, "हिचं हाफ." बारा वर्षांखाली अर्धं तिकीट. तू गुडघे वाकवून सीटमध्ये खोल बसतेस. कंडक्टर तुला वरपासून खालपर्यंत बघतो, मग तिकिटाला भोक पाडतो.

हिंगोलीत गेले चार दिवस टॉकीजचा तांगा फिरतोय. दोन्ही बाजूंना पोस्टर, आत भोंगा, आणि मागून पोरं पळतात ती उडवलेले गुलाबी-पिवळे कागद धरायला. तो कागद नंदाक्कानं क्लासमधून आणून तुला दाखवला होता. 'माहेरची साडी'. अलका कुबल. शुक्रवारपासून रोज चार खेळ.

आता एक गोष्ट समजून घे, कारण पुढची सगळी फजिती तिच्यातून आहे. हा सिनेमा नवा नाही. विजय कोंडकेंचं हे चित्र 1991मध्येच आलं. त्याची कथा राजस्थानीतल्या 'बाई चाली सासरिये'वरून घेतलेली, म्हणजे गोष्टसुद्धा आधी दुसऱ्याच वाळवंटात रडून आलेली. मुंबई-पुण्याच्या बायका कधीच डोळे पुसून घरी गेल्यात. तरी आज हिंगोलीत तांगेवाला ओरडतोय 'पहिला दिवस', आणि तो खोटं बोलत नाही. सिनेमा म्हणजे या काळात एक वस्तू असते, पत्र्याच्या पेटीत मावणारी. एक प्रिंट काढायला मोठा पैसा लागतो, म्हणून मराठी सिनेमाच्या प्रिंटा मोजक्याच निघतात. त्या आधी मोठ्या शहरात राबतात, तिथली गर्दी ओसरली की जिल्ह्याच्या गावी येतात, आणि मग तालुक्याला. तुझ्या गावाचा पहिला दिवस म्हणजे पेटी तुझ्या गावात आली तो दिवस.

आणखी एक गंमत. मराठवाडा 1948च्या सप्टेंबरात निजामाच्या तावडीतून सुटला, हे तू शाळेत दरवर्षी 17 तारखेला भाषणात ऐकतेस. सिनेमाच्या धंद्याला हे कोणी कळवलेलं नाही. वितरकांच्या नकाशावर हा सगळा मुलूख अजूनही 'निजाम'च आहे, हैदराबादच्या शेपटीला बांधलेला. तुझ्या टॉकीजमधल्या हिंदी सिनेमांचे व्यवहार सिकंदराबादच्या कचेऱ्यांत ठरतात. तिकडं वाशीमला गेलं की विदर्भ, म्हणजे दुसरी टेरिटरी, दुसरे शेठ. त्यामुळे कधीकधी असं होतं की तीस मैलांवरच्या गावाला जे पोस्टर लागलंय ते तुला दोन महिन्यांनी दिसतं.

साडेअकराला तुम्ही टॉकीजच्या फाटकात आहात. परकर-पोलकं तू क्लासच्या मागच्या न्हाणीघरात बदललंस. गर्दी आहे, पण बायका मोजून पंधरा. पहिल्या दिवशी बायका येत नाहीत. येतात पोरं, हमाल, कॉलेज बुडवणारे, शिट्ट्या वाजवणारे. गावोगावच्या बायका येतील दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, शेजारणीनं 'लई रडू येतं वं माय' असं सांगितल्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भाकरी बांधून. नंदाक्काला तेव्हा यायचं नव्हतं. तेव्हा काकू असतील, आत्या असतील, शेजीबाई असतील, आणि लग्न ठरलेल्या पोरीनं सासुरवासाचं चित्र बघताना कसं बसायचं, कधी रडायचं, यावर प्रत्येकीचं लक्ष असेल.

लेडीजची खिडकी वेगळी आहे. खिडकी कसली, भिंतीत एक हात जाईल एवढं भोक, पुढं लोखंडी पाइपांचा आडोसा. नंदाक्का रांगेत घुसते. तेवढ्यात पुरुषांच्या रांगेत तुला एक ओळखीचा सदरा दिसतो. तुमचे गणिताचे सर. आज त्यांनी शाळेत 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' असा अर्ज पाठवलेला असणार. सरांची आणि तुझी नजरानजर होते. सर पटकन पोस्टर वाचायला लागतात. तूही तेच पोस्टर वाचतेस. (सोमवारी हजेरीपटात शुक्रवारच्या घरात तुझ्या नावापुढं 'ह' असेल. त्यावर तुम्ही दोघं आयुष्यात कधीच बोलणार नाही.)

बारा वाजतात. दार उघडत नाही.

सव्वाबारा. थर्डवाले पत्रा बडवायला लागतात. मग कळतं: पेटी आलेली नाही. काल रात्रीपर्यंत ही प्रिंट नांदेडला चालू होती. नऊचा खेळ सुटला बाराला, तिथं रिळं भरली, वितरकाचा माणूस पेटी घेऊन पहाटेच्या गाडीनं पूर्ण्याला आला, आणि पूर्ण्याहून हिंगोलीची मीटरगेज पॅसेंजर बोल्ड्याला की नंदापूरला क्रॉसिंगसाठी उभी आहे. एवढं सगळं पानटपरीवाल्याला माहीत आहे. टॉकीजचा मॅनेजर मात्र 'पाच मिनिटं' एवढंच म्हणतो.

साडेबाराला सायकल रिक्षा येते. मागं दोन पत्र्याच्या पेट्या, त्यावर कुठल्याकुठल्या गावांची नावं रंगानं लिहून खोडलेली, आणि पेट्यांवर पाय सोडून बसलेला एक दाढी वाढलेला माणूस, झोप न झालेला. पोरं असा ओरडा करतात जणू अलका कुबलच उतरलीय. दोन हमाल एकेक पेटी उचलतात तेव्हा त्यांच्या मानेच्या शिरा फुगतात. अडीचतीन तासांची गंमत एवढी जड असते, हे तुला पहिल्यांदा कळतं.

तुला तहान लागलीय. लेडीजचा रांजण जिन्याखाली आहे आणि जिना वर बाल्कनीला आणि बाल्कनीच्याही वर एका बुटक्या दाराला जातो. हमाल त्या दारातून पेट्या आत ठेवून उतरतात आणि दार उघडंच राहतं. नंदाक्का अजून खिडकीच्या भोकात हात घालून उभी. तू चार पायऱ्या चढतेस. मग अजून चार.

आत उकाडा आहे आणि कसला तरी गोडसर वास, नेलपॉलिशसारखा. दोन मोठी काळी यंत्रं, तोंडं भिंतीतल्या चौकोनी भोकांकडं केलेली. मधे बनियन घातलेला एक म्हातारा एका लाकडी टेबलाशी उभा राहून हँडल फिरवतोय. टेबलावर दोन चकत्या, एकीवरची फीत सरसर दुसरीवर जातेय. त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांत मऊ फडकं आहे आणि फीत त्या फडक्यातून सरकते. तो फितीकडं बघतसुद्धा नाही. बघतोय तुझ्याकडं.

"ऊपर कायकू आई गे? पानी नीचे है."

"तुमी काय करायलेत?" तू विचारतेस.

म्हाताऱ्याला घाई आहे, पण त्याला बोलायलाही कोणी नाही. हिंगोलीची दखनी आणि तुझी मराठी यांच्या मधल्या कुठल्याशा भाषेत तो सांगतो. रीळ यंत्रातून चालून गेलं की शेवट वर येतो आणि सुरुवात पोटात जाते. रात्री नांदेडवाल्यांनी तसंच भरून दिलं. असंच लावलं तर सिनेमा उलटा दिसेल, मेलेली माणसं उठून बसतील. म्हणून प्रत्येक रीळ आधी गुंडाळून सरळ करायचं. हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटं चालतं. एका सिनेमाची अशी चौदा-पंधरा, काही तर अठरा. तो दोन-दोन रिळं जोडून एका चकतीवर घेतो, म्हणजे एक यंत्र वीस-बावीस मिनिटं चालतं, तोवर दुसऱ्यावर पुढची चकती चढवायची.

"और ये?" तो फडक्याची बोटं दाखवतो. "ये देखनेकू."

फितीच्या दोन्ही कडांना बारीक चौकोनी भोकं आहेत. यंत्राचे दात त्या भोकांत अडकून फीत ओढतात. शेकडो खेळ झाले की भोकांच्या कडा फाटतात. फाटलेली जागा बोटाला लागते, फडक्याला अडकते. तिथं थांबायचं. नाही थांबलं तर भर खेळात यंत्राच्या तोंडाशी फीत तुटते, आणि तुटलेली फीत त्या उजेडापुढं क्षणभर थांबली तरी तिचा फोड होतो. तो फोड सगळ्या पडद्यावर दिसतो, आणि थर्डमधून शिव्या येतात त्या ऑपरेटरच्या आईच्या नावानं.

तो बोलतोय आणि हात थांबतो. अडकलं. म्हातारा हँडल मागं फिरवतो, फीत दिव्याच्या काचेवर धरतो. वीतभर जागेत एका बाजूची भोकं सलग फाटलीत. तो कात्रीनं दोन ठिकाणी कापतो. एका टोकावर जिभेनं ओल लावून ब्लेडनं वरचा थर खरवडतो, आत नुसती पारदर्शक काच उरते. बाटलीतून एक थेंब सोल्यूशन. तोच तो नेलपॉलिशचा वास. दुसरं टोक त्यावर भोकाला भोक जुळवून बसवतो आणि अंगठ्यानं दाबून धरतो. ओठ हलतात, दहापर्यंत मोजत असावा. सोडतो, ओढून बघतो. झालं.

कापलेली पट्टी टेबलावर वळवळत पडलीय. तू तिच्याकडं बघतेस. म्हातारा तुझ्याकडं.

"लेके जा. किसीकू बोलना नै."

बारा चौकटी आहेत. तू पुढं कधीतरी मोजशील. सेकंदाला चोवीस चौकटी जातात, म्हणजे तुझ्या मुठीत सिनेमाचा अर्धा सेकंद आहे.

"कितव्या रिळातला?"

"नौ."

खालून नंदाक्काची हाक येते, दोन्ही तिकिटं उंच धरलेली. तू पट्टी कंपासपेटीत कोनमापकाखाली घालून खाली धावतेस.

खेळ सुरू होतो एक पस्तीसला. एरवी आधी एक सरकारी न्यूजरील लागतं, धरणं, पूर, मंत्री. आज त्याला फाटा. एकदम सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं. त्यावर किती रिळं ते लिहिलेलं असतं, तू वाचायला मान पुढं करतेस आणि तेवढ्यात ते जातं. लेडीजच्या भागात लाकडी बाक आहेत, पुरुषांकडून कमरेएवढ्या भिंतीनं वेगळे केलेले. नंदाक्का भिंतीच्या कडेला, तू तिच्या पलीकडं.

प्रिंट दमलेली आहे. पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडतोय, घरातल्या प्रसंगातसुद्धा. प्रत्येक रिळाच्या तोंडाशी आणि शेपटीला तो पाऊस वाढतो, कारण तीच टोकं रोज हाताळली जातात. तुला आता हे माहीत आहे. म्हाताऱ्यानं अजून एक सांगितलं होतं: चकती संपत आली की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो. तो आला की दुसऱ्या यंत्राची मोटर चालू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की उजेड इकडून तिकडं. तू ठिपका शोधत बसतेस. पहिला हुकतो. दुसऱ्या वेळी सापडतो, आणि तू नकळत नंदाक्काचा हात दाबतेस. तिला वाटतं तुला रडू येतंय. तीही दाबते.

कारण पडद्यावर लक्ष्मीचं काही खरं नाही. जन्मताच आई गेली म्हणून बाप तिचं तोंड बघत नाही. बाप म्हणजे विक्रम गोखले. भाऊ अजिंक्य देव, तो तेवढा जीव लावतो. तुझ्या शेजारची म्हातारी पदरात नाक शिंकरून म्हणते, "बापच असा म्हन्ल्यावर सासरला काय बोल लावावा." मग लक्ष्मी सासरी जाते आणि उषा नाडकर्णींचं सासूपण सुरू होतं. पंधरा बायकांचा मिळून एक आवाज निघतो, "आगं ये अवदसे!" पुरुषांकडची शिट्टी केव्हाच थांबलीय. मधेच चित्र पिवळं पडतं, मग तपकिरी, कडा विझल्यासारख्या होतात. यंत्रात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळतात, त्या झिजून लांब गेल्या की उजेड असा उतरतो. कोणीतरी ओरडतं, "चाचा, झोपला का?" आणि वरच्या भोकातला झोत पुन्हा पांढरा होतो.

इंटरव्हलला नंदाक्का दहाही बोटांत पोंगे अडकवते आणि एकेक बोट तुझ्यापुढं धरते. बोलत नाही. तू विचारतेस, "अक्का, रिसोडची मंडळी कशीयेत?"

"तुला काय करायचं?" ती म्हणते. मग एक बोट रिकामं करून, "सासू बोलत न्हाय फारशी. बघायला आली तव्हा एकडाव हसली."

नववं रीळ कधी आलं ते तुला आकड्यावरून कळणार नव्हतं, पण दार बघितल्यावर कळतं. कंपासपेटीतली चौकट तू अंधारात किती वेळा धरून बघितली असशील, बोटाच्या नखाएवढी बाई, मागं दार, खांद्यावर पदर. तेच दार. बाई दारात उभी आहे, तोंड आतल्या बाजूला. आणि मग एक हिसका, चित्र अंगावर आल्यासारखं, टक् असा आवाज, आणि बाईचं तोंड बाहेरच्या बाजूला, हात खाली येत असलेला. सगळ्या टॉकीजला वाटलं प्रिंट खराब आहे. मधे काय झालं ते फक्त तुझ्याकडं आहे: तिनं पदराचं टोक डोळ्याला लावलं.

पावणेचार. घड्याळ नंदाक्काच्या मनगटावर आहे, काकांचं जुनं, पट्टा दोऱ्यानं शिवलेलं. चारची सेनगाव गाडी चुकली तर पुढची साडेपाचला, आणि साडेपाच म्हणजे बापू घरी. ती तुझ्या कानाशी येते. "ऊठ."

"थोडंच राह्यलं, अक्का. दोन चकत्या."

"ऊठ म्हन्ते ना."

"शेवट..."

"शेवट नको मला," ती म्हणते. तू तिच्या तोंडाकडं बघतेस. पडद्याचा उजेड तिच्या गालांवर हलतोय आणि ते ओले नाहीत. एवढ्या बायकांत तिचे एकटीचेच कोरडे असावेत.

बाहेर ऊन इतकं टणक आहे की तुला काही दिसत नाही. स्टँडपर्यंत तुम्ही जवळजवळ पळत जाता. न्हाणीघरात पुन्हा ड्रेस बदलताना तुझी रिबीन तिथंच राहते. चौकशीच्या खिडकीवर फळा आहे, त्यावर खडूनं चार वाजता. चार वाजतात. सव्वाचार होतात. नियंत्रक चहा पितोय. गाडी येते चार वाजून चाळीस मिनिटांनी.

"दोन चकत्या झाल्या असत्या," तू म्हणतेस. तुझा आवाज चिरकतो.

नंदाक्का खिडकीतून बाहेर बघत राहते. "मला ठाव व्हतं ही गाडी टायमावर येत न्हाय. रोज येते मी."

हे वाक्य तू पुढं कित्येक वर्षं उलटसुलट करशील. आज तुला फक्त राग आलाय. कयाधू ओलांडताना तू मुद्दाम तिच्या पुढं चालतेस. घरी आजी विचारते, रिबीन कुठंय. तू म्हणतेस, शाळेत कवायत होती. आजीला ऐकू आलं नसावं.

तीन आठवडे जातात. शिवरात्र होते, औंढ्याच्या जत्रेहून बापू चिवडा आणि शंकरपाळे आणतात. सिनेमा अजून हिंगोलीतच आहे, तीच प्रिंट, आता चारही खेळांना ट्रॉल्या लागतात. रविवारी तुझ्या गल्लीची ट्रॉली जाते. माय जाते, काकू जाते. नंदाक्का म्हणते डोकं दुखतंय. पोरींनी असलं बघू नये म्हणून तुला नेत नाहीत.

रात्री माय ओसरीवर हरभऱ्याची डाळ पाखडत बसलीय. वीज गेलीय, कंदील आहे. बापू आतल्या खोलीत आडवे झालेत. तू समोर बसून खडे वेचतेस आणि तिला म्हणतेस, "सांग ना काय व्हतं त्यात." माय सांगते. ती फार छान सांगते, सुपाच्या ठेक्यावर. लक्ष्मीचा बाप, लक्ष्मीचा भाऊ, सासूचं सगळं करणं. तू योग्य जागी 'मंग?' म्हणतेस. तुला स्वतःचं कौतुक वाटायला लागतं.

"अन् मंग ती दारात उभी ऱ्हाती," माय म्हणते. "तोंड आतमधी. तितं सिनेमाच उडाला बघ. एकदम तोंड बाहीर. मधी काय झालं, कुनालाच कळलं न्हाय. काकू म्हन्ली, पदर सारका केला असंल."

"डोळं पुसलं तिनं," तू म्हणतेस.

सूप थांबतं.

कंदिलाची काच एका बाजूनं काजळलीय. आत बापूंच्या खाटेची दोरी कुरकुरते. तू हातातला खडा डाळीत टाकतेस, मग घाईघाईनं परत उचलतेस. माय सूप खाली ठेवते. तुझ्याकडं बघत नाही, आतल्या दाराकडं बघते, मग कंदिलाची वात थोडी खाली करते.

"कोन संगं व्हतं? नंदी?"

तू मान हलवतेस.

"शेवट पाह्यला का?"

"न्हाय. येष्टी व्हती."

"तिनं?"

"तिला नको व्हता."

माय बराच वेळ डाळीत बोटं फिरवते. एक खडा सापडतो, तो ती अंगणात भिरकावते.

"इकडं सरक," ती म्हणते. "तुव्ह्या बापूला ऐकू जाईल."